सीपीव्हीसीच्या गरम लाइनला इन्सुलेशन: गरज की बिल फुगवणे?

गच्चीवरचा: "गरम पाण्याचा सीपीव्हीसी हा प्लास्टिक पाइप मुळातच उष्णतेचा मंदवाहक आहे. त्यावर इन्सुलेशनची काळी नळी चढवायला सांगणारे प्लंबर केवळ बिल फुगवतात."

उभी_लाइन: हे वाचून राहवले नाही. सीपीव्हीसी मंदवाहक आहे, हे खरे; परंतु पाइपाची भिंत जेमतेम दोन-अडीच मिलिमीटर जाड असते आणि तेवढ्या जाडीने उष्णतेचा ऱ्हास फारसा अडत नाही. शिवाय गच्चीवरच्या वाऱ्यात पाइप उघडा असेल, तर सात वाजता आंघोळ झाल्यावर साडेसातला येणारा माणूस कोमट पाण्यावर भागवतो.

गच्चीवरचा: मग आमच्याकडे नायट्राइल रबराची तीच नळी लावूनही पहाटे बादलीभर थंड पाणी का सोडावे लागते?

उभी_लाइन: कारण रात्रभरात आवरणातले पाणीही निवते. आपली लाइन किती लांब आणि किती इंची आहे?

गच्चीवरचा: तीस मीटर, एक इंची. प्लंबर म्हणाला, जाड पाइपाने प्रेशर चांगले मिळते.

उभी_लाइन: म्हणजे पाइपातच सुमारे १३ लिटर पाणी उभे असते, आणि पाइप तापेपर्यंत जाते ते वेगळे. पाऊण इंची लाइन असती, तर हेच पाणी साडेसात लिटरांच्या आसपास राहिले असते. दोन न्हाणीघरे एकाच वेळी चालणार नसतील, तर एक इंचाचे प्रयोजन मला कळत नाही.

जुना_जीआय: इंचांचे सोडा, आमचे वळणांवरचे एल्बो तिसऱ्याच वर्षी तडकले! प्लास्टिक ते प्लास्टिकच. माझ्या वडिलांचे जीआयचे लोखंडी पाइप चाळीस वर्षे टिकले.

उभी_लाइन: काका, क्लॅम्प पाइपाला घट्ट आवळले होते का? पाणी चाळीस अंशांनी तापले की दहा मीटर सीपीव्हीसी अडीच सेंटीमीटरहून अधिक वाढतो, आणि त्याला सरकायला किंवा वळायला जागा नसेल, तर सारा ताण एल्बोवर येतो.

जुना_जीआय: क्लॅम्प घट्टच होते, सैल कोण ठेवतो? आणि त्या महाशयांनी सांधे साध्या पीव्हीसीच्या सॉल्व्हंटने जोडले होते, हे नंतर डबा पाहून कळले. पण जीआयमध्ये हे लाड करावे लागत नाहीत, हे तरी मान्य करा.

उभी_लाइन: मान्य आहे. आमच्या कठीण पाण्यात मात्र जीआय आतून क्षारांनी इतका भरला की नळाची धार पेन्सिलीएवढी झाली.

मे_महिना: दोघेही गच्चीवरच्या सोलर हीटरच्या तोंडाशी काय होते ते विसरता. उन्हाळ्यात चार दिवस घर बंद राहिले की टाकीतले पाणी उकळीच्या जवळ जाते, आणि सीपीव्हीसीची मर्यादा साधारण ९३ अंश आहे. म्हणून मी टाकीपासूनचे पहिले दीड मीटर तांब्याचे ठेवले.

गच्चीवरचा: बरे, नळी चढवणे अगदीच फुकट नाही, एवढे मी मोठ्या मनाने मान्य करतो. पण आमची उघडी नळी दोन उन्हाळ्यांतच भुगा होऊन उडाली, त्याचे काय?

उभी_लाइन: उन्हात उघडी ठेवली होती ना? वरून ॲल्युमिनियमचे वेष्टन किंवा उन्हात टिकणारा रंग हवा.

गच्चीवरचा: पुन्हा बिल!