सिद्धूंचा व्हिडिओ आणि मावशीची केमो

मोगरा_पुणे: मावशीला स्तनाच्या कॅन्सरचं निदान झालंय, दुसरी स्टेज. घरच्या ग्रुपवर नवज्योतसिंग सिद्धूंचा व्हिडिओ फिरतोय: साखर-दूध बंद, लिंबूपाणी, कच्ची हळद, कडुनिंब, आणि चाळीस दिवसांत पत्नी बऱ्या. मावशी म्हणते, आधी दोन महिने हे करते, मग केमोचं बघू. एवढा मोठा माणूस सगळ्यांसमोर खोटं कशाला बोलेल?

दीपमाळ: मी कॅन्सर वॉर्डात फार्मासिस्ट आहे. ते खोटं बोलले असं मी म्हणणार नाही. बायको वाचली याचा आनंद खराच असणार. पण व्हिडिओ फिरताना त्यातलं काय गळलं ते बघा. मार्च 2023 मध्ये नवज्योत कौर यांनी स्वतःच ट्विट केलं होतं की दुसऱ्या स्टेजचा कॅन्सर आहे आणि आज शस्त्रक्रिया आहे. पुढे केमो झाली. आहाराचा दावा आला नोव्हेंबर 2024 मध्ये. दोन दिवसांत टाटा मेमोरियलच्या 262 आजी-माजी कॅन्सरतज्ज्ञांनी पत्रक काढलं की हळद-कडुनिंबाने कॅन्सर बरा होतो याला पुरावा नाही, उपचार थांबवू नका. नंतर सिद्धूंनीही सांगितलं की हा आहार डॉक्टरांच्या सल्ल्याने, उपचारांना जोड म्हणून होता. तो खुलासा तुमच्या ग्रुपवर आला का?

रानवाट: टाटावाले दुसरं काय म्हणणार? केमोची औषधं तरी कुठून आली? विनक्रिस्टिन आपल्या कुंपणावरच्या सदाफुलीतून काढतात. आजीच्या बटव्याला हसायचं आणि तेच बाटलीत भरून विकायचं.

दीपमाळ: सदाफुलीचं अगदी बरोबर आहे. पण ते औषध आम्ही शिरेतून देतो, आणि मोठ्या माणसालाही एका वेळी साधारण दोन मिलिग्रॅमच्या वर जात नाही, कारण त्यापुढे नसांना इजा होते. पानं चावून हे माप कसं साधणार? हळदीची अडचण उलटी आहे. त्यातलं कर्क्युमिन आतड्यातून रक्तात जेमतेम उतरतं. प्रयोगशाळेत काचेच्या बशीत कॅन्सरच्या पेशी मेल्या म्हणून गाठीपर्यंत ते पोचतं असं होत नाही.

सह्याद्रीकन्या: माझा अनुभव सांगते. एका नटाची जाहिरात बघून शुगरचा काढा सुरू केला आणि तीन महिन्यांत शुगर खाली आली. गोळ्या चालूच होत्या, संध्याकाळचं चालणंही तेव्हाच सुरू केलं. पण फरक काढ्यानेच पडला, मला जाणवतं ना.

वाचकमित्र: ताई, काढा, गोळ्या आणि चालणं एकत्र असताना श्रेय एकट्या काढ्याला कसं? आणि मधुमेह बरा करण्याची जाहिरात 1954 च्या कायद्याने बंद आहे, कॅन्सरचीही. मग नटाला कोणी विचारत का नाही?

दीपमाळ: कॅन्सरमध्ये हाच घोळ जास्त फसवा असतो. समजा एका बाईची गाठ शस्त्रक्रियेने पूर्ण निघाली. नंतरची केमो असते ती नजरेला न दिसणाऱ्या उरलेल्या पेशींसाठी. ती बाई केमो नाकारते, रस पिते आणि पाच वर्षांनी ठणठणीत असते. ती म्हणणार रसाने वाचले, पण गाठ सर्जनने काढलेली असते. काहीजणी केमोशिवायही बऱ्या राहतात. केमोमुळे ज्यांचा आजार उलटत नाही त्यांची संख्या वाढते. रस पिऊन ज्यांचा आजार उलटला त्या व्हिडिओ करायला येत नाहीत. म्हणून अनुभवकथा ऐकली की मी आधी विचारतो: शस्त्रक्रिया झाली होती का? कधी?

येल विद्यापीठाच्या डॉक्टरांनी 2018 मध्ये अमेरिकेतले 281 रुग्ण तपासले. कॅन्सर दूर पसरलेला नव्हता, तरी त्यांनी फक्त पर्यायी उपचार घेतले होते. नेहमीचे उपचार घेणाऱ्यांशी तुलना केली तर स्तनाच्या कॅन्सरमध्ये त्यांचा मृत्यूचा धोका पाचपटीहून जास्त निघाला. शिवाय हे रुग्ण जास्त शिकलेले आणि सधन होते. मोगरा, मावशीचे दोन महिने इथे मोजा.

रानवाट: आकडे मान्य. पण डॉक्टर रुग्णाला दोन मिनिटं देतात, काय खाऊ विचारलं तर “सगळं खा” म्हणतात. लोक व्हिडिओकडे वळतात त्याला हेही कारण आहे. आणि साखर सोडली तर बिघडतं काय?

दीपमाळ: दोन मिनिटांची तक्रार खरी आहे, माझ्याकडे उत्तर नाही. वरची साखर कमी केली तर काही बिघडत नाही, पण त्याने गाठ उपाशी मरत नाही. यकृत स्वतः ग्लुकोज बनवतं. दूध-दही-डाळ बंद करून वजन उतरलं तर मात्र केमोची मात्रा कमी करावी लागते किंवा तारीख पुढे जाते. हळदीच्या कॅप्सूल तर डॉक्टरांना न सांगता घेऊच नयेत, त्यांनी यकृताला इजा झाल्याच्या नोंदी आहेत. भाजीतली हळद खुशाल खाऊ दे.

मोगरा_पुणे: सिद्धूंचा खुलासा आणि टाटाचं पत्रक दोन्ही ग्रुपवर टाकले. मावशी म्हणाली, “केमो घेते, पण कडुनिंबाचा रसही घेणार.” तिला तोडून बोलवत नाही. चालेल का?

दीपमाळ: रस किती आणि कधी घेते ते कागदावर लिहून पहिल्या केमोआधी डॉक्टरांना दाखवा. त्यांनी थांबवा म्हटलं तर थांबवायचं, एवढं आजच कबूल करून घ्या.

रानवाट: आणि नाही म्हटलं तर का, तेही डॉक्टरांनी तिला नीट सांगावं.