विषय: ताप उतरला आणि पुरळ आलं

अदिती: नमस्कार मंडळी. लेक दहा महिन्यांची आहे. मागच्या आठवड्यात पुण्याहून रेडिंगला परतलो. रविवारपासून ३९.५ ताप होता. आज सकाळी तो उतरला आणि दुपारी पोटा-पाठीवर गुलाबी पुरळ आलं. आता मानेपर्यंत पसरलंय. खेळतेय, पण दूध कमी पितेय. गोवराची लस अजून झालेली नाही. गोवर असेल का?

शोभाकाकू: गोवरच गं. अंगावर फुटला की ताप उतरतो. उशाशी कडुनिंबाचा पाला ठेव आणि आंघोळ घालू नकोस.

मंदार: आमच्या मुलाला अमॉक्सिसिलिननं असंच आलं होतं. कुठलं औषध दिलंत? काचेचा ग्लास दाबून बघा, पुरळ फिकं झालं तर काळजी नाही.

अदिती: फक्त पॅरासिटामॉल दिलंय. ग्लास दाबला की फिकं होतं.

डॉ. मेधा: काकू, गोवरात उलट होतं. आधी सर्दी, खोकला, लाल डोळे. मग भर तापात कानामागे, कपाळावर पुरळ उठतं आणि खाली उतरतं. तेव्हा ताप चढतोही. ताप गेल्यावर अंगावर गुलाबी ठिपके येणं, या वयात, हे बहुतेक वेळा रोझिओला. दोन-तीन दिवसांत आपोआप जातं. आंघोळ खुशाल घाला.

पण अदिती, तुम्ही पुण्याहून आलात, म्हणून मी एवढ्यावर सोडणार नाही. डेंग्यूतही ताप उतरताना पुरळ येतं, आणि धोका असतो तो त्यानंतरच्या एक-दोन दिवसांतच. वारंवार उलट्या, पोट दाबल्यावर रडणं, हिरड्यांतून रक्त, हातपाय गार पडणं, सुस्ती, यातलं काही दिसलं तर थेट इमर्जन्सीत जा. एरवीही आजच जीपीला फोन करून प्रवासाचं आणि लस न झाल्याचं सांगा. न कळवता वेटिंग रूममध्ये जाऊन बसू नका. गोवर असलाच तर तिथल्या तान्ह्यांना लागेल.

मंदार, ग्लासची परीक्षा एकाच बाजूनं खरी. डाग फिके झाले नाहीत तर लगेच ९९९. फिके झाले म्हणून निर्धास्त राहू नये, मेनिंजायटिसमधलं पुरळ सुरुवातीला फिकं होऊ शकतं. आपल्या रंगावर ते नीट दिसतही नाही. तळहात, तळपाय, पापणीची आतली बाजू बघा. मूल उठवूनही नीट जागं होत नसेल तर पुरळाची वाट कशाला बघायची?

शोभाकाकू: बरं बाई. पण आमच्या वेळी सगळ्यालाच गोवर म्हणायचे.

अदिती: जीपींनी मागच्या दारानं बोलावलं. डेंग्यूसाठी रक्त घेतलं, गोवरासाठी तोंडातला नमुना. त्यांनाही रोझिओलाच वाटतंय. रिपोर्ट यायचेत. ओले लंगोट मोजत राहा म्हणाले, दुपारपासून दोनच झालेत.

डॉ. मेधा: थोडं थोडं दूध दर अर्ध्या तासानं द्या. रात्रभरात एकही ओला झाला नाही तर सकाळची वाट न बघता १११ ला फोन करा. आणि रिपोर्ट येईपर्यंत शनिवारच्या बालगटाला आणू नका.