फेज मार्जिन भागिले १०० = डॅम्पिंग, हे शिकवणं बंद करायला हवं का?

सेमीलॉग_थर्डइयर
आमच्याकडे सांगतात की बोडे प्लॉटवरून फेज मार्जिन काढा, १०० ने भागा, झालं डॅम्पिंग. मी `G(s) = 10/(s(s+1)(s+5))` घेतलं, युनिटी फीडबॅक. हाताने काढलेल्या प्लॉटवर मार्जिन आलं १९.५ अंश, सॉफ्टवेअर म्हणतंय २५.४, आणि क्लोज्ड लूपचे पोल काढले तर झीटा ०.२१४. म्हणजे ०.१९५, ०.२५४ आणि ०.२१४, तीन उत्तरं. वर गेन मार्जिन नुसतं ३ आलंय, ३ डीबी म्हणजे फारच कमी ना? माझं मत, हा नियम शिकवूच नये.

```python
import control as ct
G = ct.tf([10], [1, 6, 5, 0])
print(ct.margin(G))
ct.damp(ct.feedback(G, 1))
```

जुना_कंट्रोलवाला
आधी ते ३ बघू. `margin` जे देतं ती पट असते, डीबी नाही. म्हणजे गेन तिप्पट केलात की लूप काठावर येईल, डीबीत ते साडेनऊ. पडताळून बघा, १० च्या जागी ३० टाका, २.२४ रेडियनला न थांबणारं ऑसिलेशन मिळेल.

आता हाताचं १९.५. तुम्ही सरळ रेषांवरून वाचलंत. १ रेडियनच्या कोपऱ्यापाशी खरी वक्ररेषा त्या सरळ रेषेच्या ३ डीबी खाली असते, म्हणून ती शून्य डीबीला आधीच, १.२३ ला छेदते, आणि तुमची रेषा मात्र १.४१ पर्यंत ओढली गेली. तिथे खाली फेजच्या प्लॉटवर उतरलात की फेज उणे १६०.५ दिसणारच. कोपरा आणि क्रॉसओव्हर इतके जवळ असले की सरळ रेषेवर विसंबायचं नाही, कोपऱ्याशी ३ डीबीची दुरुस्ती करून मगच छेद शोधायचा. मजा म्हणजे तुमचं चुकीचं १९.५ खऱ्या झीटाच्या जास्त जवळ गेलं, पण तो निव्वळ योगायोग आहे, त्यावर नियम बांधू नका.

पॅनेल_पाटील
मला तर हा सगळा खटाटोपच कळत नाही. साइटवर आम्ही एकच बघतो, गेन मार्जिन ६ डीबीच्या वर आहे ना, मग लूप चांगला. इथे साडेनऊ आहे, म्हणजे मस्त. फेज मार्जिन परीक्षेपुरतं ठीक.

जुना_कंट्रोलवाला
पाटील साहेब, याच लूपला स्टेप देऊन बघा ना. झीटा ०.२१४ म्हणजे ओव्हरशूट जवळजवळ ५० टक्के. साडेनऊ डीबी असूनही एवढं हलतं. गेन मार्जिन सांगतं की गेन किती वाढला तर कोसळेल, आज किती झुलतोय ते नाही सांगत.

रिपल_नको
मी पॉवर सप्लायवाला, माझंही एक दुखणं सांगतो. बक कन्व्हर्टर होता, व्होल्टेज मोड, आउटपुटला ४७० मायक्रोफॅरडचा साधा इलेक्ट्रोलायटिक, ईएसआर ६० मिलिओहम. परचेसने "जास्त चांगला" म्हणून तेवढ्याच व्हॅल्यूचा पॉलिमर दिला, ईएसआर १०. रिपल कमी झाला म्हणून सगळे खूश, पण लोड झटकन बदलला की आउटपुट चार-पाच वेळा हेलकावे खायला लागला. कारण ईएसआरचा झिरो आधी ५.६ किलोहर्ट्झला होता तो थेट ३४ ला गेला, आणि ८ किलोहर्ट्झच्या क्रॉसओव्हरला तो जी ५५ अंश फेज देत होता ती राहिली जेमतेम १३ अंश, क्रॉसओव्हर थोडा खाली सरकला ते वेगळंच. तेव्हा स्कोपवर हेलकावे मोजून मी आधी अंदाज बांधला की मार्जिन २० च्या आसपास असणार, मग लूपमध्ये ट्रान्सफॉर्मरने सिग्नल घालून मोजलं तर जवळपास तेवढंच निघालं. सांगायचा मुद्दा, १०० ने भागणं मला रोज उपयोगी पडतं, बंद वगैरे करू नका.

सेमीलॉग_थर्डइयर
पण ०.२५ आणि ०.२१ मधे फरक आहे ना राव, ओव्हरशूट ४४ चा ५० टक्के होतो. आणि १०० च का, ९० का नाही, हे कोणी सांगतच नाही.

जुना_कंट्रोलवाला
हे विचारलंत ते बरं केलंत, कारण भांडण इथेच मिटतं, निदान अर्धं तरी. क्रॉसओव्हरला लूपचा गेन बरोबर १ असतो, त्यामुळे तिथे क्लोज्ड लूपचं उत्तर किती मोठं होईल ते फक्त फेज मार्जिनवरून ठरतं: `1/(2 sin(PM/2))`. प्लांट कितीही ऑर्डरचा असो, हे तंतोतंत खरं आहे. २५.४ अंशाला ते २.२७ पट येतं, ६० अंशाला बरोबर १. हा भाग पक्का.

उधारी यापुढे सुरू होते. दोन पोलचं सिस्टिम कमी डॅम्पिंगला शिखरापाशी साधारण `1/(2ζ)` पट वाढतं. दोन्ही जुळवलं की झीटा जवळपास `sin(PM/2)`. तुमच्या केसमधे ०.२२, खऱ्या ०.२१४ च्या अगदी शेजारी. आणि लहान कोनाला तेच गणित म्हणजे अंश भागिले ११५. कोणीतरी तोंडी हिशोबाला सोपं म्हणून १०० केलं, कारण ५०-६० अंशाच्या आसपास दोन पोलच्या सिस्टिमला १०० च जास्त बरोबर बसतो, झीटा ०.६ ला मार्जिन ५९ अंश येतं. त्यापुढे मात्र नियम ढिला पडतो, झीटा १ ला मार्जिन ७६ च अंश आहे. म्हणून माझं मत, नियम शिकवा पण आधी ते २.२७ शिकवा.

पॅनेल_पाटील
हे आवडलं. पण साइटवर दोन पोल कुठे असतात, डेड टाइम असतो.

जुना_कंट्रोलवाला
बरोबर, आणि तोच खरा घात करतो. याच लूपला ०.४ सेकंदाने सॅम्पल करणारा कंट्रोलर लावा, होल्डमुळे साधारण निम्मा म्हणजे ०.२ सेकंद उशीर धरा. मॅग्निट्यूडचा प्लॉट केसभरही हलत नाही, क्रॉसओव्हर तिथेच १.२३ ला, पण फेज १४ अंश खाली जाते. २५.४ चे राहिले ११. मॅग्निट्यूडचाच प्लॉट बघणाऱ्याला काही बदललंय असं वाटणारही नाही. एकूण ०.३६ सेकंद उशीर झाला की संपलंच.

पॅनेल_पाटील
मग मी गेन मार्जिनही काढलं तुमच्या त्या उशिराबरोबर. फेज उणे १८० ला २.२४ ऐवजी १.५ लाच पोचते, तिथून वर बघितलं तर साडेनऊचे ३ डीबी उरले. म्हणजे माझ्या ६ डीबीच्या नियमानेही हा लूप पकडला असता की.

जुना_कंट्रोलवाला
हा लूप पकडला असता, मान्य. उशीर नसलेला मूळ लूप मात्र तुमच्या नियमाने पास होतो आणि ५० टक्के उसळतो. दोन्ही आकडे मागा, एकट्यावर सही करू नका.

रिपल_नको
आणि उलटंही होतं. फिल्टरचा किंवा शाफ्टचा रेझोनन्स क्रॉसओव्हरच्या बराच पुढे असतो, फेज मार्जिन ६० दिसतं, आणि तिथलं शिखर शून्य डीबीच्या २ डीबी खाली येऊन टेकलेलं असतं. तेव्हा माझा भागिले १०० ०.६ सांगतो आणि बोर्ड शिट्टी मारतो. तिथे पाटील साहेबांचा गेन मार्जिनच वाचवतो.

सेमीलॉग_थर्डइयर
`sin(PM/2)` वहीत लिहून घेतलं. पण परीक्षेत १०० च लिहिणार, नाहीतर मार्क कापतात. नियम बंद करा हे माझं मत अजून बदललेलं नाही, कारण ११ अंशाला तोच आकडा डेड टाइमवाल्या लूपला लावला तर झीटा ०.११ म्हणायचं का, तिथे तर पोल दोनच नाहीत.

जुना_कंट्रोलवाला
तिथे झीटा म्हणूच नका, पाच पट उसळी म्हणा.