भविष्यनिर्वाह निधीच्या पासबुकात कंपनीचा वाटा कमी का दिसतो?

«माझे दरमहा १,८०० कापतात, पण पासबुकात कंपनीचे फक्त ५५० दिसतात, बाकीचे गेले कुठे?»

असा प्रश्न पडला की कंपनी पैसे बुडवते आहे असे अनेकांना वाटते, पण हा निष्कर्ष मला घाईचा वाटतो. मूळ वेतन व महागाई भत्ता मिळून १५,००० असल्यास कंपनीच्या १२ टक्क्यांपैकी ८.३३ टक्के, म्हणजे १,२५०, निवृत्तिवेतन योजनेत जातात आणि पासबुकाच्या वेगळ्या रकान्यात दिसतात. उरलेले ५५० भविष्यनिर्वाह निधीत जमा होतात. या दोन रकान्यांची बेरीज तुमच्या कपातीइतकी भरली, तर काहीही गहाळ नाही.

एखाद्या महिन्याची ओळच नसेल, तर मात्र प्रश्न खरा आहे, कारण त्या महिन्याचा भरणा पुढच्या महिन्याच्या १५ तारखेपर्यंत व्हायला हवा. भविष्यनिर्वाह निधी संघटनेच्या संकेतस्थळावर Establishment Search मध्ये कंपनीचे नाव शोधून तिने कोणत्या महिन्याचा भरणा कधी केला ते पाहा, आणि तोही नसेल तर पगारपत्रक जोडून तक्रार नोंदवा.