बदलीच्या अर्जात खरं कारण लिहावं का?

कागदी_होडी
मी अकाउंट्समध्ये व्हेंडरची बिलं पास करते. परचेसमध्ये एक जागा रिकामी झाली आहे, तिथे जायचं आहे. अर्ज लिहायला बसले आणि माझं मत पक्कं झालं: खरं कारण लिहिणं म्हणजे स्वतःच्या पायावर धोंडा पाडून घेणं. 'वैयक्तिक कारणास्तव व करिअरच्या प्रगतीसाठी' एवढं लिहायचं, टीमच्या फायद्याच्या दोन ओळी खाली जोडायच्या आणि मोकळं व्हायचं. खरं कुणी वाचत नाही. कुणाला पटत नसेल तर सांगा.

ताळमेळ
मला पटत नाही, आणि 'खरं कुणी वाचत नाही' हे वाचून राग आला. मी वाचतो. फायनान्समध्ये टीम सांभाळताना जाणाऱ्यांचे आणि येणाऱ्यांचे दोन्ही अर्ज माझ्याकडे आले आहेत.

'वैयक्तिक कारणास्तव' वाचल्यावर समोरचा काय करतो, ते ऐका. फोन उचलतो आणि तुमच्या सध्याच्या मॅनेजरला विचारतो, "काय हो, का सोडतेय ही?" तो जे उत्तर देईल तेच तुमचं कारण ठरतं. कागदावर तुम्ही जागा रिकामी ठेवलीत, ती दुसऱ्याने भरली. आणि तो स्वतः माणूस गमावणार असतो, म्हणजे त्या क्षणी तुमच्याबद्दल फार मोकळ्या मनाने बोलेलच असं नाही.

तुमच्याकडे तर कारण हातात आहे. बिलं पास करता, म्हणजे खरेदीच्या ऑर्डरचा पीओ, माल मिळाल्याचं जीआरएन आणि व्हेंडरचं बिल जुळवून बघत असाल. कुठली बिलं अडकतात हे परचेसवाल्यांपेक्षा तुम्हाला जास्त माहीत आहे. पीओ नगात, व्हेंडरचं बिल बॉक्समध्ये. पीओवर जुना दर, बिलावर नवा. माल दोन खेपांत आला आणि जीआरएन एकाच खेपेचं. या चुका जन्माला येतात परचेसमध्ये आणि निस्तरता तुम्ही, महिनाअखेरीला, व्हेंडरच्या शिव्या खात. 'ही चूक जिथे होते तिथे बसून मला ती थांबवायची आहे' हे खरं असेल तर पहिल्या परिच्छेदात लिहा. टीमचा फायदा वेगळा शोधायची गरजच पडणार नाही, तो याच वाक्यात आहे.

रात्रपाळी
खरं लिहा म्हणायला काय जातं? मी लिहिलं होतं. साहेब सगळ्यांसमोर ओरडतात, रजा मंजूर करून आदल्या दिवशी रद्द करतात, म्हणून विभाग बदलून हवा. सभ्य भाषेत, तारखांसकट. एचआरने तो अर्ज 'आपल्या माहितीसाठी' म्हणून जसाच्या तसा त्याच साहेबांना पाठवला. बदली झाली नाहीच, त्या वर्षीचं रेटिंगही घसरलं. आता माझा एकच सल्ला असतो: गोड लिहा, गुळमुळीत लिहा, पण बाहेर पडा.

ताळमेळ
तुमच्या बाबतीत झालं ते वाईटच झालं, त्यात दुमत नाही. पण ती तक्रार होती, बदलीचा अर्ज नव्हता. बदलीच्या अर्जाला बऱ्याच ठिकाणी सध्याच्या मॅनेजरची सही लागते, म्हणजे तो कागद त्याच्याकडे जाणारच. तक्रार स्वतंत्र द्यायची आणि ती कोणापर्यंत जाईल हे आधी विचारून घ्यायचं. दोन्ही एका कागदावर आलं की तक्रारीची चौकशी होत नाही आणि बदलीही अडकते.

रात्रपाळी
म्हणजे सोयीचं तेवढं खरं लिहायचं, गैरसोयीचं गाळायचं. मग त्याला प्रामाणिक कशाला म्हणता? सरळ म्हणा ना, चतुराईने लिहा.

ताळमेळ
पूर्ण आयुष्य मांडा असं कोणी म्हटलं? लिहिलंय ते खरं हवं आणि उद्या कुणी विचारलं तर टिकायला हवं. कागदी_होडी यांना बिलांचा कंटाळाही आला असेल. तो अर्जात कशाला?

सहीशिक्का
एचआरमध्ये काम करते म्हणून सांगते, उगाच घाबरवू नका लोकांना. बहुतेक कंपन्यांत सध्याच्या जागी ठरावीक काळ पूर्ण झाला, कुठे 12 महिने, कुठे 18, की तुम्ही पात्र होता. एकदा पात्र झालात की मॅनेजर अडवू शकत नाही. कारण काय लिहिता याने फारसा फरक पडत नाही.

नांगर
ताई, कागदावर नाही अडवू शकत. माझा अर्ज मंजूर झाला, नव्या विभागाने होकार दिला, आणि रिलीजची तारीख 'बदली माणूस मिळाल्यावर' अशी लिहिली गेली. माणूस शोधायचा कोणी? ज्याला मला सोडायचं नव्हतं त्याने. तीन इंटरव्ह्यू घेतले, तिन्ही नापास. तोवर नव्या विभागाने बाहेरून माणूस घेतला. माझ्या शेजारी बसणारा, ज्याचं काम रोज दुसऱ्याला तपासावं लागायचं, तो मात्र आठवड्यात सुटला. चांगलं काम करण्याची शिक्षा असते ही, आणि यावर एकही पॉलिसी बोलत नाही.

सहीशिक्का
तुमच्या कंपनीत अर्ज नीट हाताळला गेला नाही, त्यावरून सगळ्या एचआरला धारेवर धरू नका. आमच्याकडे रिलीजला जास्तीत जास्त 60 दिवसांची मर्यादा आहे.

नांगर
मर्यादा आहे ना? मग मॅनेजरने ती ओलांडली तर एचआर काय करतं, एवढंच सांगा.

सहीशिक्का
वरच्या साहेबांकडे प्रकरण नेतो. हो, कर्मचाऱ्याने विचारणा केली तर. आपणहून प्रत्येक फाईल बघणं होत नाही, हे मान्य. आणि पात्र होणं म्हणजे सुटणं नव्हे, हेही खरं. मघाशी मी जरा सरसकट बोलले.

ताळमेळ
नांगर यांच्या मुद्द्याला अर्जातच उत्तर देता येतं. मॅनेजर अडवतो तेव्हा त्याच्या डोक्यात एकच चित्र असतं: महिनाअखेर, बिलांचा ढीग आणि रिकामी खुर्ची. ते चित्र अर्जाने बदलायचं. 'हँडओव्हर नीट देईन' हे सगळेच लिहितात, त्यावर कोण विश्वास ठेवणार? कोणत्या व्हेंडरची बिलं कोणाकडे जातील, कोणता अहवाल फक्त मलाच काढता येतो आणि तो मी कोणाला कधीपर्यंत शिकवेन, असं लिहा. आणि तारीख स्वतः सुचवा, वार्षिक क्लोजिंग संपल्यानंतरची. तारीख तुम्ही दिली नाही तर 'माणूस मिळाल्यावर' हीच तारीख होते.

नांगर
मी तारीख दिली असती तरी त्याने पुढे ढकललीच असती. पण ढकलली हे कागदावर दिसलं असतं. एवढं मानतो.

पारंबी
मलाही बदली हवी आहे, आईची तब्येत बरी नसते म्हणून गावाजवळच्या शाखेत. मीही टीमचे फायदे लिहू का?

ताळमेळ
तुमचं प्रकरण वेगळं आहे. तिथे काम तेच, जागा बदलते. कारण कौटुंबिकच आहे, तर सरळ तेच लिहा आणि त्या शाखेत तुमच्या कामाची जागा रिकामी आहे का हे आधी बघा. फायदे ओढूनताणून आणू नका. वेगळा धागा काढलात तर तिथे सविस्तर लिहीन.

लालपेन
इंटर्नल ऑडिटमध्ये आहे. इतकी चर्चा झाली आणि मूळ गोष्ट कोणी बोललंच नाही. बिल पास करणारी व्यक्ती परचेसमध्ये जाते आहे. पीओ काढणं आणि बिल पास करणं हे एकाच हातात असू नये, हा आमच्याकडचा पहिला धडा. बदली होते, नव्या विभागाचे सिस्टिममधले राइट्स मिळतात आणि जुने काढायचे राहून जातात. नवं काम सुरू व्हावं म्हणून सगळे घाई करतात, जुनं बंद करा म्हणून कोणीच मागे लागत नाही. वर्षभराने आम्ही यादी काढतो तेव्हा एकाच आयडीवर दोन्ही सापडतात. एकच माणूस पीओ काढू शकतो आणि त्याचं बिलही सोडू शकतो.

कागदी_होडी
म्हणजे मी चोर आहे असं म्हणायचंय का? इतकी वर्षं लाखोंची बिलं माझ्या हातून गेली, एका पैशाचा घोटाळा नाही. बदली मागितली तर आता संशय?

लालपेन
तुमच्यावर संशय नाही, कशाला अंगावर घेता? नियंत्रण माणूस बघून ठेवत नाहीत. उलट विचार करा. परचेसचा मॅनेजर अर्ज वाचताना हे मनात आणणारच, फक्त बोलून दाखवणार नाही. तो न बोलता 'नको' म्हणेल आणि तुम्हाला कारण कधीच कळणार नाही. ते तुम्हीच लिहिलंत तर त्याची अडचण तुम्ही सोडवलीत. रिलीजच्या दिवशी माझे बिलाचे राइट्स बंद करावेत, आणि ज्या व्हेंडरची बिलं मी पास करत होते त्यांचे नवे पीओ पहिली तिमाही दुसऱ्या कोणी काढावेत. दोन वाक्यं पुरतात.

रात्रपाळी
आणि ही दोन वाक्यं वाचून, ज्याच्या मनात संशय नव्हता त्याच्याही मनात आला तर?

लालपेन
परचेसमध्ये मुरलेल्या माणसाला हे नवीन नसतं. पण होऊ शकतं, नाही म्हणत नाही.

कागदी_होडी
राग अजून गेलेला नाही, पण मसुदा टाकते. गेल्या महिन्यातली अडकलेली बिलं मोजून पाहिली, 60 निघाली. त्यातली 38 पीओवरच्या एककामुळे किंवा दरामुळे अडकलेली. आकडा बघून मलाच धक्का बसला.

> विषय: अकाउंट्स विभागातून परचेस विभागात बदली मिळण्याबाबत
>
> महोदय,
> मी चार वर्षांपासून व्हेंडरची बिलं पास करण्याचे काम करीत आहे. गेल्या महिन्यात अडकलेल्या 60 बिलांपैकी 38 बिले पीओवरील एकक अथवा दर न जुळल्याने अडकली. ही चूक पीओ काढतानाच टाळता येते. ते काम शिकण्याची व करण्याची माझी इच्छा आहे, म्हणून परचेस विभागातील रिक्त जागेसाठी अर्ज करीत आहे.
> पीओ काढण्याचा मला अनुभव नाही. मात्र कोणत्या पीओचे बिल पुढे अडकेल, हे मला ओळखता येते. अशी बिले कमी झाल्यास अकाउंट्स विभागाचाही महिनाअखेरीचा वेळ वाचेल.
> वार्षिक क्लोजिंग पूर्ण करून त्यानंतर मला मुक्त करावे, ही विनंती. व्हेंडरनिहाय हँडओव्हरचा तक्ता सोबत जोडला आहे. मुक्त झाल्याच्या दिवशी माझे बिल पास करण्याचे राइट्स बंद करावेत.
> आपली विश्वासू,

पहिली तिमाही त्याच व्हेंडरचे पीओ न काढण्याचं वाक्य मी घातलेलं नाही. ते मला अपमानास्पद वाटतं.

ताळमेळ
'अनुभव नाही' हे स्वतःहून लिहिलंत, ते उत्तम. एक मात्र बदला. '38 बिले अडकली' हे वाचून परचेसवाल्यांना वाटेल, बाई चुका काढायला येतेय. प्रकार आधी लिहा, आकडा नंतर: 'एककातील व दरातील तफावत हे बिले अडकण्याचे मुख्य कारण असून' असं. आणि तक्त्यात ज्या सहकाऱ्यांची नावं घातली आहेत, त्यांना विचारलंय का?

कागदी_होडी
दोघांना विचारलं. तिसऱ्याला विचारलं तर बातमी साहेबांपर्यंत आधी पोचेल.

नांगर
मग आधी साहेबांशीच बोला. तोंडी. त्यांना तिसऱ्याकडून कळलं तर कागदावर काय लिहिलंय याला काही अर्थ राहणार नाही.

रात्रपाळी
आणि तोंडी सांगितल्यावर दुसऱ्या दिवसापासून वागणूक बदलली तर? आधी परचेसच्या मॅनेजरला भेटून जागा खरंच रिकामी आहे का ते बघा.

सहीशिक्का
पहिल्यांदा स्वतःच्या मॅनेजरशी बोला. बऱ्याच कंपन्यांत हा लेखी नियमच असतो. दुसऱ्या विभागाशी परस्पर बोललात तर अर्ज तांत्रिक कारणावरून परत येऊ शकतो. तुमच्याकडे काय आहे ते पॉलिसीत बघून घ्या.

कागदी_होडी
पॉलिसी वाचली. 'संबंधित विभागप्रमुखांशी चर्चा करून' एवढंच आहे. कोणता विभागप्रमुख, ते लिहिलेलं नाही. सोमवारी आधी माझ्या साहेबांशी बोलते. लालपेन, तुमचं दुसरं वाक्य त्यांना तोंडी सांगीन, लिहून देणार नाही.

लालपेन
तोंडी सांगितलेलं ऑडिटमध्ये दिसत नाही. बघा बुवा, अर्ज तुमचा आहे.