फोल्डेबलवर काळ्या पट्ट्या बऱ्या की फुल स्क्रीन?

मेघना: आतली स्क्रीन ७.६ इंची, पण शूटिंग गेम लावला की वर-खाली काळ्या पट्ट्या. सेटिंग्जमधून फुल स्क्रीन केलं, पट्ट्या गेल्या. आता मात्र बाजूने येणारे शत्रू उशिरा दिसतात. हा माझा भास आहे का? तुम्ही काय ठेवता?

अद्वैत: भासच. मोठ्या स्क्रीनवर जास्त मैदान दिसणारच ना! मी स्ट्रॅटेजी गेम उघड्या फोनवर खेळतो, नकाशा चांगला ऐसपैस दिसतो. एवढे पैसे मोजून स्क्रीनचा तिसरा हिस्सा काळा का ठेवायचा?

शर्वरी: नकाशाच्या गेममध्ये अद्वैतचं खरं आहे. शूटिंगमध्ये गणित उलटं होतं. बऱ्याच थ्रीडी गेममध्ये कॅमेऱ्याचा उभा कोन ठरलेला असतो आणि आडवा कोन स्क्रीनच्या आकारावरून निघतो. उभा कोन ५० अंश धर. २०:९ च्या साध्या फोनवर आडवे सुमारे ९२ अंश दिसतात. तुझी आतली स्क्रीन जवळजवळ ६:५, म्हणजे चौकोनीच. तिथे उरतात जेमतेम ५८. समोरून ४० अंशांवर उभा असलेला शत्रू साध्या फोनवर दिसतो, तुझ्याकडे तो चौकटीबाहेर असतो. पट्ट्यांसकट १६:९ चं चित्र ठेवलंस तर ७९ अंश मिळतात, म्हणून मी पट्ट्याच ठेवते. सगळे गेम असे नसतात. सरावाच्या मैदानात एका जागी उभी राहा, दोन्ही कडांना काय दिसतं ते बघ, मग फोन मिटून बाहेरच्या स्क्रीनवर तेच बघ.

इरफान: मला पट्ट्यांचं काही वाटत नाही. मॅच चालू असताना फोन उघडला की गेम पहिल्यापासून सुरू होतो आणि मी मॅचबाहेर! टॅबलेटवर हा ताप नव्हता.

शर्वरी: टॅबलेटची स्क्रीन मध्येच बदलत नाही, इरफान. फोन उघडला की अँड्रॉइड अ‍ॅपला नवा आकार कळवतं. तो बदल गेमने स्वतः सांभाळला नाही, तर चालू स्क्रीन बंद करून नव्याने उभी केली जाते. उघडायचा तो लॉबीतच उघड.

अद्वैत: मग कंपन्यांनी आमच्यासाठी कोन वाढवावा! अँड्रॉइड १६ मोठ्या स्क्रीनवर अ‍ॅपचा आकाराचा हट्ट ऐकत नाही म्हणे.

शर्वरी: त्यातून गेम वगळलेत. आणि आडवे ९२ अंश राखून चौकोन भरायचा तर उभा कोन ८२ च्या आसपास जातो. म्हणजे मान न वळवता तुला गच्चीवरचा माणूसही दिसणार, समोरच्याला नाही. रँक्ड मॅचमध्ये हे मला मुळीच पटत नाही.

अद्वैत: १६:९ वाल्यापेक्षा २०:९ वाल्याला आजही बाजूचं जास्त दिसतं, ते कसं चालतं?

मेघना: बघितलं. मिटल्यावर डावीकडचं अख्खं दार दिसतं, उघडल्यावर गायब. शूटिंगपुरत्या पट्ट्या परत लावल्या. पण अद्वैतच्या शेवटच्या प्रश्नाचं उत्तर मलाही हवंय.