मदत हवी आहे: ए झिरो पोस्टरच्या ५ मिनिटांच्या स्लाइड कशा करू?

परभणीत पोस्टर लावायचं होतं, आता आयोजक म्हणायलेत की पोस्टर राहू द्या, ५ मिनिटं बोला. विषय सोयाबीनमधली जमिनीतली ओल, सपाट पेरणी आणि रुंद वरंबा-सरीवरची बीबीएफ पेरणी, दोन्ही आच्छादनासह आणि आच्छादनाशिवाय, म्हणजे ग्राफवर ४ रेषा.

पोस्टर उभं, पॉवरपॉइंटमधेच केलेलं, तीन कॉलम, मजकूर २८ पॉइंट. आधी अख्खा कॉलम उचलून एका स्लाइडवर टाकला. कॉलम १०० सेंटीमीटर उंच अन् स्लाइड १९, त्यामुळं अक्षर ५ पॉइंटवर आलं, मुंग्याच दिसायल्यात. मग रुंदीला बसवून तुकडे पाडले, अक्षर झकास दिसतंय पण एका कॉलमच्या ७ स्लाइड, तिन्हीच्या २१ झाल्या! शेवटी प्रस्तावना, पद्धत सगळं तोंडी सांगायचं ठरवून ६ स्लाइडवर आणलंय, पहिलीवरच निष्कर्षाचं एक वाक्य.

अडलंय ते ग्राफपाशी. पोस्टरवर माणूस जवळ उभा राहून चारही रेषा शोधतो, इथं मिनिटाच्या आत स्लाइड जाते. फाइल पीडीएफ द्यायचीय, म्हणून ॲनिमेशन चालणार नाही, आणि प्रोजेक्टर जुना, फिके रंग उडतात.

तर तोच ग्राफ ३ स्लाइडवर ठेवून, अक्ष न हलवता, दरवेळी एकच रेषा जाड काळी अन् बाकीच्या करड्या करू, का सरळ दोनच रेषा ठेवून बाकी दोन काढून टाकू? काढल्या तर परीक्षक लपवलं म्हणतील का?